ज्या पडद्याचं चित्र निघत नव्हतं

ऑफिसात तिला सगळे भिंग म्हणत. तोंडावर भिंगताई, पाठीमागे नुसतं भिंग. तिला दोन्ही माहीत होतं आणि दोन्हींचं काही वाटत नव्हतं.

मोबाइलची ॲपं बनवणारी ती छोटीशी कंपनी होती. खाली पंखे दुरुस्तीचं दुकान, वर ही मंडळी. बाकीच्यांनी ॲप बनवायचं आणि भिंगताईने त्यात खोट काढायची. याच कामाचा तिला पगार होता. बटण दोनदा दाबून बघायची. फोन आडवा करायची, नेट बंद करायची, मधेच फोन उचलायची. कोणी वापरणार नाही अशा तऱ्हेने ॲप वापरायची आणि मग शांतपणे म्हणायची, "हे बघ, पडलं."

"ताई, असं कोण करतं?" लांब्या विचारायचा. तो ॲप लिहायचा. उंच होता, वाकून चालायचा आणि दर वेळी दारात डोकं सांभाळायचा.

"लोक करतात."

"लोकांना कामधंदा नसतो का?"

"असतो. म्हणून तर घाईत कुठेही बोट लावतात."

ती शिकली होती बेताचं. वडील लवकर गेले. धाकटा भाऊ तेव्हा शाळेत होता. तिने छापखान्यात मुद्रितं तपासली, मग एका दुकानात बिलं, मग इथे आली. लग्नाचं राहून गेलं की तिने राहू दिलं, हे घरातही कुणी स्पष्ट बोललं नव्हतं. भावाला तिने मशीनचं काम शिकायला घातलं. शहराबाहेरच्या मोठ्या शीतगृहात त्याला नोकरी लागली तेव्हा ती रात्रभर जागी होती. आनंदाने, असं तिने आईला सांगितलं.

त्याच शीतगृहाचं काम पुढे ऑफिसात आलं. 'ड्यूटी' नावाचं ॲप. कामगाराला आज कुठे जायचं, काय दुरुस्त करायचं, कुठलं दार कुठल्या कोडने उघडेल, हे सगळं त्यावर यायचं. शीतगृहाच्या फाटकावर स्वतःचा फोन कपाटात ठेवावा लागे. आत जाताना कंपनीचा फोन मिळे. पाळी संपली की तोच फोन पुढच्या पाळीतल्या माणसाच्या हातात जाई.

तिथेच पहिली भानगड झाली.

एका खोलीतला महागडा औषधांचा माल गेला. दार फोडलेलं नव्हतं. कोड टाकून उघडलेलं होतं. ज्याचा कोड होता तो माणूस घरी झोपला होता. आठवडाभर सगळे एकमेकांकडे संशयाने बघत राहिले. शेवटी उलगडा भिंगताईनेच केला. तिने फोन हातात घेतला, ॲप उघडलं, कामाचा पडदा आणला आणि बाहेर पडली. मग अलीकडे वापरलेली ॲपं खेळातल्या पत्त्यांसारखी मांडून दाखवणारी ती रांग उघडली. 'ड्यूटी'चा पत्ता तिथे होता. त्यावर शेवटच्या पडद्याचं छोटं चित्र होतं. चित्रात कोड होता. स्वच्छ, वाचता येण्याजोगा.

"ॲपला कुलूप आहे," लांब्या म्हणाला. "पिन टाकल्याशिवाय उघडतच नाही."

"ॲप कुठे उघडलंय मी? फोननेच फोटो काढून ठेवलाय."

लांब्याने त्या पत्त्याकडे वाकून पाहिलं. मग म्हणाला, "घराला कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली."

शीतगृहाकडून लगेच निरोप आला. चित्र दिसता कामा नये. स्क्रीनशॉटही निघता कामा नये. बंद करा.

काम एका ओळीचं होतं. फोनला सांगायचं की ही खिडकी सुरक्षित आहे, हिचं चित्र कुणाला देऊ नकोस. लांब्याने ती खूण पडद्यावर लावली. भिंगताईने तपासलं. बटणं दाबली तर फोन म्हणाला, या ॲपमध्ये स्क्रीनशॉट घेता येत नाही. पत्त्यांच्या रांगेत कोरा पत्ता आला. पडद्याची चित्रफीत काढली, तर तेवढा भाग काळा. फोन मोठ्या टीव्हीला जोडला, तिथेही काळं.

"अमावस्या," लांब्या खूश होऊन म्हणाला.

त्या अमावस्येचा पहिला फटका तिलाच बसला. चुकीची नोंद करताना ती सोबत चित्र जोडत असे. आता चित्र निघेना. आपोआप चालणाऱ्या चाचण्या रात्री चालत आणि सकाळी नुसती काळी चित्रं ठेवून जात. शीतगृहातून कुणी फोन करून "इथे काहीतरी लाल दिसतंय" म्हणालं, तर ते लाल काय आहे हे बघायची सोय नव्हती. ती दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढायला लागली. प्रत्येक फोटोत तिचा अंगठा.

"ताई, चूक अंगठ्यात आहे की ॲपमध्ये?"

"तू आधी ती खूण काढून मला तपासायला दे."

"देतो की. तपासणीच्या प्रतीत खूण बंद ठेवतो."

तिने अंगठ्याचा फोटो पुसून टाकला. मग म्हणाली, "नको. मी एक चाखायचं आणि लोकांना दुसरं वाढायचं, असं नको. आहे तेच दे."

अशी ती होती. आणि अशी होती म्हणूनच तिला ते सापडलं.

रोजच्या कामाचा पडदा वेगळा होता आणि तातडीच्या कामाचा वेगळा. तातडीचा हुकूम आला की फोन खणखणे आणि हुकूम पडदाभर उघडे, फोनचा पडदा बंद असला तरी. तो पडदा आधीच्या कुणीतरी स्वतंत्र लिहिलेला होता. खूण प्रत्येक खिडकीला वेगळी लावावी लागते. एका खिडकीला लावली म्हणून शेजारचीला आपोआप लागत नाही. लांब्या तातडीचा पडदा विसरला होता.

भिंगताईने स्वतःच स्वतःला तातडीचा हुकूम पाठवला. बटणं दाबली. खट्. चित्र निघालं. पत्त्यांच्या रांगेतही सगळं दिसलं, दाराच्या कोडासकट.

तिने नोंद केली. गंभीर, असा शेरा मारला. लांब्याने कपाळावर हात मारून ओळ लिहिली. नवी प्रत शीतगृहाच्या सगळ्या फोनवर गेली. साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, सगळ्यांसमोर म्हटलं, "भिंगाखालून मुंगी सुटत नाही."

तिला बरं वाटलं. त्या दिवशी ती घरी जाताना आईसाठी नवी चप्पल घेऊन गेली.

महिनाभराने धाकटा जेवताना बोलला. तो घरी कामाचं फारसं बोलत नसे. अंगाला अमोनियाचा वास यायचा, आई साबण पुढे करायची, तो "अगं हो" म्हणायचा, एवढंच.

"जाड्या दवाखान्यात आहे," तो म्हणाला.

जाड्या त्याचा मित्र. दोघं मशीनच्या खोलीत एकत्र काम करायचे. ज्या अमोनिया गॅसवर सगळ्या थंड खोल्या चालत, त्याचे पंप, नळ्या, झडपा त्या खोलीत होत्या.

"काय झालं?" आईने विचारलं.

"गॅस लागला. डोळे वाचले. छातीचं काय ते कळायचंय." त्याने घास तसाच ठेवला. "आणि कामावरून काढलाय."

"आजारी माणसाला?"

"हुकूम नसताना आत गेला म्हणे. भोंगा स्वतः बंद केला म्हणे."

"त्याने केला?" भिंगताईने विचारलं.

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. "ताई, भोंगा वाजला की मशीन थांबवायला लागतं. मशीन थांबलं की खोल्या तापतात. खोल्या तापल्या की मुकादमाच्या बुडाला आग लागते. मग तातडीचा हुकूम येतो. भोंगा खोटा आहे, बंद करा, आत जाऊन झडप आवळा. काम झालं की तो हुकूम मागे घेतो. फोनवरून जातो तो. त्या जागी नवा येतो, बाहेरून पाहणी करा. आम्हाला काय हे नवीन आहे?"

"मग तुम्ही बोलत का नाही?"

"बोलायची गरज नव्हती. आम्ही चित्र काढून ठेवायचो. हुकूम आला की खट्. लगेच घरच्या नंबरवर पाठवायचं, मग आत जायचं. मुकादमालाही माहीत होतं. म्हणून तो जरा दमाने घ्यायचा. लिहिताना हात आखडायचा." तो पाणी प्यायला. "आता निघत नाही चित्र. गेल्या महिन्यापासून. जाड्या चौकशीत म्हणाला, मला हुकूम होता. ते म्हणाले, दाखव."

आई म्हणाली, "तुझ्याच ऑफिसचं ना गं ते?"

भिंगताईने हो म्हटलं.

"कुणीतरी शहाणा बसलाय तिथे," धाकटा म्हणाला. "बरोब्बर तेवढीच फट बुजवलीन."

तिने सांगितलं नाही. त्या रात्रीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

ऑफिसात तिने लांब्याला गाठलं. मागे घेतलेला हुकूम कुठे राहतो का, विचारलं. लांब्याने डोकं हलवलं. जुन्याच्या जागी नवा लिहिला जातो. आधी काय होतं ते ठेवायचं का, असं त्याने सुरुवातीला विचारलं होतं. शीतगृहाने नको म्हटलं होतं.

"म्हणजे तो हुकूम फक्त पडद्यावर असतो."

"दिसतो तोवर असतो."

"आणि दुसऱ्या फोनने फोटो काढला तर?"

"तर कुणाचा बाप अडवू शकत नाही. खूण फोनच्या आतलं अडवते. बाहेरचा कॅमेरा ती कशी अडवणार? पण ताई, त्यांचे स्वतःचे फोन फाटकावर कपाटात असतात ना?" मग त्याच्या लक्षात आलं की ती हे सगळं सहज विचारत नाहीये. "काय झालंय?"

तिने सांगितलं. लांब्या खुर्चीत मागे टेकला.

"ओळ मी लिहिली," तो म्हणाला.

"नोंद मी केली."

"चुकीची नव्हती गं ताई नोंद. कोड दिसत होता."

"तेच तर. कोड झाकायचा होता. आपण माणसाचा हुकूमही झाकला."

दोघांनी बसून मार्ग काढला. कोड वेगळ्या पडद्यावर न्यायचा आणि खूण फक्त त्याच पडद्याला ठेवायची. तातडीच्या पडद्यावरची खूण काढायची. पत्त्यांच्या रांगेतलं चित्र तेवढं बंद करायचं. नव्या फोनवर तशी निराळी सोय आहे: रांगेत पत्ता कोरा राहतो, पण माणसाने स्वतः बटणं दाबली तर चित्र निघतं. पुढच्या पाळीतल्याला काही दिसणार नाही आणि ज्याचा हुकूम त्याला तो ठेवता येईल.

ती साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हता. पगार वेळेवर द्यायचा, कुणी आजारी पडलं तर स्वतः गाडीतून सोडायचा. फक्त गिऱ्हाईक म्हटलं की त्याचा कणा मऊ व्हायचा.

"भिंगताई, तुम्हीच म्हणालात बंद करा. आता तुम्हीच म्हणता उघडा. लोक काय म्हणतील? सूनबाईंनी चूल पेटवली आणि सूनबाईंनीच विझवली."

"माझं चुकलं म्हणा त्यांना."

"कारण काय सांगू?"

तिने भावाचं नाव काढलं नाही. म्हणाली, "कामगारांच्या अडचणीचं चित्र आपल्यापर्यंत येत नाही. दुरुस्ती करता येत नाही. तेवढं सांगा." ते खोटंही नव्हतं.

साहेबांनी विचारून बघतो म्हटलं. तिला आशा नव्हती. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते स्वतः तिच्या टेबलापाशी आले. "दगडाला पाझर फुटला बुवा. तातडीचा पडदा उघडा करायला तयार आहेत. एकदम तयार. एवढ्यात हो म्हणतील असं मलाही वाटलं नव्हतं."

तिलाही वाटलं नव्हतं. तिथेच तिने थांबायला हवं होतं. पण माणूस आपल्या मनासारखं झालं की त्याला उलटं करून बघत नाही. तीसुद्धा नाही.

लांब्याने नवी प्रत दिली ती दोन दिवसांनी. देताना तो तिच्याकडे बघत नव्हता. तिने तपासायला घेतली. कोडाचा पडदा: चित्र निघत नाही. बरोबर. तातडीचा पडदा: रांगेत कोरा पत्ता. बरोबर. बटणं दाबली. खट्. निघालं. हुकूम अक्षरन् अक्षर वाचता येत होता.

चित्र कोपऱ्यात छोटं होऊन बसलं. त्याच्या जवळ फोनने एक बारीक ओळ दाखवली. 'ड्यूटी'ला हा स्क्रीनशॉट घेतल्याचं कळलं आहे.

ती ओळ क्षणभर राहिली आणि गेली.

तिने पुन्हा काढलं. पुन्हा आली.

"लांब्या."

तो आधीच उभा होता.

"शीतगृहाची अट होती," तो म्हणाला. "अडवू नका, फक्त आम्हाला कळू द्या. नव्या फोनवर ॲपला विचारता येतं, माझ्या पडद्याचं चित्र काढलं की मला सांग. ॲपला चित्र मिळत नाही. काढलं एवढंच कळतं. पण कुणी काढलं ते तर ॲपला ठाऊकच असतं, पिन टाकून आत आलेला असतो ना तो."

"आणि मग?"

"मुकादमाच्या पानावर नाव येतं."

खाली दुकानात कुणीतरी पंखा लावून बघत होतं. त्याचा घरघराट जमिनीतून वर येत होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"साहेब म्हणाले, ती तपासेल तेव्हा कळेलच तिला." तो ओशाळला होता. "फोन ती ओळ दाखवतो, ते शीतगृहवाल्यांना आवडलं नाही. काढता येईल का, विचारत होते. ती फोन स्वतः दाखवतो, आपल्या हातात नाही, म्हणून राहिली."

तिने तपासणीचा कागद पुढे ओढला. पास आणि नापास, दोन रकाने. चूक काहीच नव्हती. सांगितलं होतं तसंच ॲप चालत होतं. नापास करायला तिच्याकडे कारण नव्हतं, आणि पास करायला हात उठत नव्हता. नापास केलं तर आहे ती अमावस्या चालू राहणार. पास केलं तर पुरावा मिळणार आणि पुरावा घेणाऱ्याचं नावही त्याच क्षणी मुकादमाला मिळणार. जाड्याकडे चित्र नव्हतं म्हणून त्याची नोकरी गेली. आता ज्याच्याकडे असेल त्याची चित्रामुळे जाईल.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

सकाळी धाकटा बूट घालत होता. आई मागे कपडे वाळत घालत होती. तिने त्याला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे आधीचंही. फट कुणी बुजवली तेही.

तो नाडी बांधता बांधता थांबला.

"तो शहाणा तूच का," तो म्हणाला.

"मीच."

"जाड्याला सांगू नकोस." एवढंच म्हणाला. दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. मग विचारलं, "नाव लगेच जातं?"

"लगेच."

"चित्राच्या आधी की नंतर?"

"चित्र निघाल्यावर. ते परत घेता येत नाही त्याला. तू त्या क्षणी माझ्या नंबरवर पाठवलंस तर ते बाहेर पडलं. पण तुझं नाव आत पडलं."

तो हसला. "वा. म्हणजे देवाण-घेवाण."

"मी नापास करते. काहीतरी खोट काढते. खोट काढण्यात माझा हात कुणी धरत नाही."

"आणि मग? भोंगा वाजतोच आहे ताई. गेल्या आठवड्यात दोनदा वाजला. ती झडप गळतेय, सगळ्यांना माहीत आहे. आज ना उद्या मला आत जा म्हणणार. जाड्यानंतर मीच आहे." तो उठला. "पास कर. आम्ही सगळे काढू. हुकूम सगळ्या पाळीला येतो, प्रत्येकाच्या फोनवर. सगळ्यांची नावं गेली तर कुणाकुणाला काढील?"

"सगळे तयार आहेत?"

"होतील."

"होतील म्हणजे अजून बोलला नाहीस."

"तू ना, भिंग आहेस खरंच." हे नाव त्याला माहीत आहे, हे तिला आत्ताच कळलं. "बोलतो आज."

"एक कर. चित्र काढलंस, मला पाठवलंस, की आत जायचं नाही. हुकूम असला तरी नाही. कबूल?"

"चित्र हातात असलं की नाही म्हणायला बळ येतं माणसाला. कबूल."

आई मागून म्हणाली, "कुठे आत जायचं नाही?"

"कुठे नाही गं," धाकटा म्हणाला आणि गेला.

तिने पासवर खूण केली. पेन नीट चाललं नाही म्हणून दोनदा केली.

नवी प्रत शीतगृहाच्या फोनवर गेली. नवी प्रत गेली की पहिले काही दिवस लांब्या तिथलं पान आपल्या संगणकावर उघडं ठेवायचा, काही बिघडलं तर दिसावं म्हणून. मुकादमाला जे दिसतं तेच पान. तिने खुर्ची ओढून त्याच्या शेजारी टेबल लावून घेतलं. साहेबांनी एकदा बघितलं, काही म्हणाले नाहीत.

पहिले काही दिवस पानावर काही आलं नाही. घरी ती विचारी, बोललास का? तो म्हणे, बोललो. काय म्हणाले? बघू म्हणाले. दुसऱ्या दिवशी विचारी, बघितलं का? तो म्हणे, ताई, त्यांनाही पोरंबाळं आहेत.

मग एका दुपारी, जेवणं होऊन सगळे सुस्तावले होते तेव्हा, लांब्याच्या पडद्यावर तातडीच्या हुकुमाची खूण लाल झाली. हुकूम सगळ्या पाळीला गेला. मजकूर त्या पानावर दिसत नव्हता, नुसता गेल्याचा शेरा.

भिंगताईने आपला फोन टेबलावर उताणा ठेवला.

खाली चित्र काढणाऱ्यांची जागा होती. रिकामी. मग एक ओळ आली. धाकट्याचं नाव, त्याचा हजेरी क्रमांक.

तिचा फोन थरथरला. चित्र आलं होतं. तिने उघडलं. गॅसचा भोंगा बिघडलेला आहे. बंद करून मशीनच्या खोलीत जा. खालची झडप आवळा. मशीन थांबवू नये. खाली मुकादमाचं नाव.

चित्राखाली धाकट्याने काही लिहिलं नव्हतं.

"आलं," लांब्या म्हणाला. "ताई, आलं. आता आहे तुझ्याकडे."

ती चित्राकडे बघत नव्हती. पडद्यावरच्या त्या एका ओळीकडे बघत होती. तिच्याखालची जागा पांढरी होती. लांब्याने पान ताजं केलं. पांढरीच. पुन्हा केलं.

"येतील," तो म्हणाला. "हातात हातमोजे असतात. वेळ लागतो."

धाकट्याच्या नावापुढे एक छोटी खूण उमटली. पाहिलं. म्हणजे मुकादमाने पान उघडलं होतं.

मग वरची लाल खूण गेली. हुकूम मागे घेतला होता. त्या जागी नवा गेल्याचा शेरा आला, आणि हा सगळ्या पाळीला नव्हता. एकालाच होता.

"हा काय आहे?" तिने विचारलं.

"मजकूर दिसत नाही इथे."

"कुणाला गेलाय?"

लांब्याने बोट फिरवलं. त्याला वाचून दाखवायची गरज पडली नाही.

कंपनीच्या फोनवर बाहेरून फोन लागत नसे, म्हणून तिने धाकट्याच्या स्वतःच्या नंबरवर लावला. तो वाजत राहिला, फाटकावरच्या कपाटात. तिने फाटकावर लावला. पहारेकरी म्हणाला, पाळी चालू आहे, निरोप पाळी सुटल्यावर देऊ. ती म्हणाली, आत गॅस आहे. तो म्हणाला, भोंगा कुठे वाजतोय बाई, सगळं शांत आहे.

तिने फोन ठेवला. दुसरं चित्र येईल म्हणून ती थोडा वेळ थांबली. नव्या हुकुमाचंही तो चित्र काढील, हे तिला माहीत होतं. तो शब्दाचा पक्का होता. फोन तसाच पडून राहिला. पानावर दुसरी ओळही आली नाही.

साहेब दारात येऊन उभे राहिले होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. भिंगताईने चित्र त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं. मग खुर्चीचा हात धरून खाली बसले.

"हे आपण जपून... म्हणजे वकिलाला विचारून..." ते म्हणाले.

तिने फायर ब्रिगेडला फोन लावला होता.

पलीकडच्या माणसाचा आवाज सावकाश होता, रोज आगी ऐकणाऱ्या माणसाचा. तिने पत्ता सांगितला. अमोनिया म्हणाली. भोंगा बंद केलाय म्हणाली. तो म्हणाला, तुम्ही तिथे आहात का? नाही म्हणाली. मग तुम्हाला कसं कळलं?

"माझ्याकडे हुकुमाचं चित्र आहे."

"वाचा."

तिने वाचलं. एक शब्दही न अडखळता, मुद्रित वाचावं तसं. वाचून झाल्यावर पलीकडे लिहिल्याचा आवाज आला, मग कुणाला तरी हाक मारल्याचा, मग जोरात चालणाऱ्या पावलांचा.

"गाडी निघते आहे," तो म्हणाला. "माणूस आत गेलाय का?"

तिने चित्राकडे पाहिलं. हुकूम होता, वेळ होती, मुकादमाचं नाव होतं.

"बाई? माणूस आत गेलाय का?"

चित्रात ते नव्हतं.